शर्टाचा रंग आधी फोटोतच बदलून पाहिला: GIMP सात महिने वापरल्यावर

हे लिहायला बसलो ते 1,100 रुपयांच्या फिरोजी शर्टामुळे. प्रोफाइलच्या फोटोसाठी घरच्या फोटोतला शर्ट GIMP या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये आठ-दहा रंगांत बदलून पाहिला. माझा वर्ण सावळा, पिवळसर झाक असलेला, आणि मागे क्रीम रंगाची भिंत. फिरोजीत चेहरा असा काही उजळला की लगेच तो शर्ट घेतला आणि स्टुडिओत गेलो. फोटो हातात आला तेव्हा हनुवटीखाली आणि गळ्यावर राखाडी-हिरवट छटा होती, आठवडाभर आजारी असल्यासारखी. स्टुडिओवाल्यांनी दुसऱ्या बैठकीचे पूर्ण पैसे मागितले, आणि मी चिडून घरी आलो.

तेव्हा सगळा राग GIMP वर निघाला. आता म्हणतो, निम्मी चूक माझी होती.

मूळ फोटोत मी पांढरा शर्ट घातला होता. Colorize म्हणजे सगळ्याला एकच रंग चढवणारी सोय, पण ती पांढऱ्यावर लावली तर तो पांढराच राहतो. Lightness खाली ओढावा लागतो, नाहीतर वर रंगाचा थर टाकून त्याला खालचं चित्र गडद करणारा Multiply मोड द्यावा लागतो. पण खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कापडाच्या चुण्या फोटोत आधीच पांढऱ्याफटक होऊन पुसल्या गेल्या होत्या. त्यामुळे रंग चढला तो पुठ्ठ्यावर चढावा तसा सपाट. शिवाय पांढरा शर्ट पाहून मोबाइलने उजेड कमी धरला होता आणि चेहरा खऱ्यापेक्षा काळा आला होता. मी रंग निवडत होतो तो त्या काळवंडलेल्या चेहऱ्यासाठी.

आता मूळ फोटो मध्यम राखाडी सुती शर्टावर काढतो. त्यात चुण्याही दिसतात, आणि रंग गडद किंवा फिका दोन्हीकडे नेता येतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरतो, म्हणजे उजेड तिथेच लॉक होतो. मग Free Select ने शर्ट निवडायचा, कडा दोन-तीन पिक्सेल मऊ करायच्या, निवडलेल्या शर्टाची एक प्रत वेगळ्या थरावर घ्यायची आणि तिच्यावर रंगाचा नवा थर ठेवायचा, रंग शर्टाबाहेर जाऊ नये म्हणून मास्क लावून. त्या थराचा मोड LCh Color ठेवायचा. HSL Color मध्ये पिवळा भलताच उजळ आणि निळा भलताच गडद दिसतो. LCh Color मात्र डोळ्याला जाणवणारा उजेड खालच्या शर्टाचाच ठेवतो. त्यामुळे नेव्ही ब्लू हवा असेल तर खालची प्रत उजेड कमी-जास्त करणाऱ्या Curves ने आधी गडद करावी लागते. हे मला तिसऱ्या महिन्यात उमगलं. तोवर माझा प्रत्येक नेव्ही धुऊन विटल्यासारखा दिसायचा.

पण फिरोजीचा घोटाळा यातल्या कशानेच सुटत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. शर्टावर पडलेला उजेड त्याचा रंग घेऊन हनुवटीवर परततो. फोटोत शर्ट बदलला तरी गळ्यावर उजेड पडलेला असतो तो जुन्या राखाडी शर्टाचाच. उजळ आणि भडक रंगांत हा फरक मोठा, गडद रंगांत नगण्य, कारण गडद कापड मुळात उजेडच कमी परतवतं. ब्रशने गळा रंगवून पाहिला, पण तो अंदाजच ठरतो.

यावर उपाय मिळाला तो कपाटात. आईची फिरोजी शाल छातीवर पांघरून त्याच खिडकीशी उभा राहिलो आणि एक फोटो काढला. ती छटा लगेच दिसली, खर्च शून्य. आता कुठलाही उजळ रंग आवडला की शर्ट घेण्याआधी ओढणी, साडी, चादर, जे त्या रंगाचं मिळेल ते पांघरून पाहतो.

शेवटी नेव्हीवर थांबलो. पूर्ण फोटो Desaturate करून, म्हणजे रंग काढून करडा करून पाहिला तेव्हा भिंत फिकी, चेहरा मधला आणि शर्ट गडद अशा तीन स्वच्छ पायऱ्या दिसल्या. आकाशी रंगात शर्ट आणि भिंत जवळपास एकच झाली होती आणि खांदे भिंतीत विरघळले होते. रंगीत फोटोत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ताईचा फोटो करायचा होता. भिंत तीच, म्हणून तिलाही नेव्हीच सांगणार होतो. पण ती केस मोकळे सोडते. करड्या फोटोत खांद्यावरचे केस आणि शर्ट मिळून एकच काळा डाग झाला. Curves थोडा वर घेऊन आमसुली रंग केला तेव्हा केसांची कड सुटी झाली. तिची जुनी आमसुली ओढणी पांघरून पाहिली, गळ्यावर जेमतेम उबदार झाक आली आणि तिला ती शोभली. त्या रंगाचा शर्ट तिच्याकडे होताच, काही विकत घ्यावं लागलं नाही.