बागेतला टी. रेक्स आणि लेअरवालं फोटो अ‍ॅप: काही महिन्यांनंतरचा अनुभव

एकावर एक चित्रांचे थर, म्हणजे लेअर, ठेवता येणारं हे अ‍ॅप आमच्याकडे जास्त करून ईशानच वापरतो. वय वर्षं नऊ. आणि वापरतो तेही एकाच कामासाठी, बागेच्या फोटोत डायनोसॉर घुसवायला.

सुरुवातीला त्याने खेळण्यातला टी. रेक्स टेबलावर ठेवून उभ्याने फोटो काढला, बोटाने कडेकडेने कापला आणि भावंडांच्या फोटोत, हिरवळीवर चिकटवला. धाकटी आतेबहीण किंचाळून आईमागे लपली. मावसभाऊ म्हणाला, "प्लास्टिकचाय!" कशावरून, ते मात्र त्याला सांगता येईना. ते राधाताईने सांगितलं. फोटो मोठा करून म्हणाली, "याची पाठ दिसतेय. म्हणजे तू याच्यापेक्षा उंच होतास का रे? आणि सावली कुठाय?"

खरी मेख पाठीतच होती. सपाट जमिनीवर फोन आपल्या डोळ्यांसमोर सरळ धरला, की आपल्याच उंचीची माणसं जवळ असोत वा लांब, त्यांचे डोळे फोटोत एकाच रेषेवर येतात. ती क्षितिजरेषा. फोन जमिनीपासून सव्वा मीटरवर असेल आणि टी. रेक्सची कंबर पावणेचार मीटरवर, तर ही रेषा त्याच्या मागच्या पायाला खालून एक तृतीयांश उंचीवर छेदायला हवी. खेळण्याची कंबर बारा सेंटिमीटरवर, म्हणजे लेन्स टेबलापासून फक्त चार सेंटिमीटरवर हवी. ईशानने फोन उलटा धरला, लेन्स खाली आली, काम झालं. पाठ गायब, पोट दिसायला लागलं.

सावलीसाठी त्याच लेअरची कॉपी काळी केली, आडवी पाडली, फिकी केली आणि टोकाकडे जास्त धूसर ठेवली. पावलांखाली मात्र गडद. खेळण्यावर उजेड उजवीकडून होता आणि बागेत डावीकडून, म्हणून डायनोसॉर आरशासारखा उलटवला. शेवटी मास्कवर, म्हणजे चित्राचा भाग न खोडता झाकणाऱ्या पडद्यावर, बारीक ब्रश फिरवून तळपायांपुढे गवताची पाती आणली. ही एवढी पाती काढायला पोराने अख्खी दुपार घातली, पण त्यामुळेच तो जमिनीवर उभा वाटतो.

अ‍ॅपबद्दल तक्रारी आहेत. मोठ्या फोटोत मोजकेच लेअर मिळतात. अ‍ॅप बंद केलं की अनडू पुसलं जातं. कापलेल्या कडेला पांढरी किनार राहते, ती हाताने खोडावी लागते. मास्क मात्र उत्तम. चुकीचं झाकलं गेलं तरी मूळ चित्र शाबूत राहतं, आणि मुलांच्या हातात देताना मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

नवा फोटो बघून आतेबहीण पळाली नाही, "मला याच्या पाठीवर बसव" म्हणाली. मावसभावाला शेजारी स्टेगोसॉरस हवा होता. राधाताईने लगेच अडवलं, "त्या दोघांमध्ये आठ कोटी वर्षांचं अंतर आहे!"

"मग तू तरी इथे कशी उभी आहेस?" ईशान म्हणाला, आणि स्टेगोसॉरस शोधायला गेला.