अटेंडंट लावताना एजंटने आम्हाला कसं गंडवलं

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून दिवसपाळीची अटेंडंट हवी होती, सोसायटीच्या ग्रुपवर एका एजंटचा नंबर मिळाला. कमिशन एक महिन्याच्या पगाराएवढं आणि तेही आधी, बदल्यात सहा महिन्यांची गॅरंटी, तीन रिप्लेसमेंट आणि "पोलीस व्हेरिफिकेशन झालेलंच आहे मॅडम". डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी होता, भरून टाकले पैसे.

पहिली ताई खरंच चांगली होती. आईला कुशीवर वळवताना न सांगता दोन पायांच्या मधे उशी ठेवायची. तेविसाव्या दिवशी आलीच नाही, फोन बंद. एजंट म्हणे गावी सासू सिरियस आहे, दुसरी पाठवतो. दुसरी चार दिवस टिकली. तिसरीला डायपर कसा बदलायचा तेही माहीत नव्हतं, दुपारीच निघून गेली, पण एजंटच्या हिशोबात तेही एक रिप्लेसमेंट झालं! चौथी आलीच नाही कारण अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात 'उपलब्धतेनुसार' लिहिलेलं, आणि कमिशन नॉन-रिफंडेबल. सही करताना मी वाचलं नव्हतं, माझीच चूक.

दीड महिन्याने ती पहिली ताई मला आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगच्या लिफ्टमध्ये भेटली. सासू ठणठणीत. एजंटनेच तिला सांगितलेलं की त्या घरी पगार जास्त आहे, इकडचं सोड आणि सिम बदल. म्हणजे एकाच बाईवर दोन घरांकडून पूर्ण कमिशन, वर तिच्या पहिल्या पगारातला अर्धा त्याने कापला तो वेगळाच. तिच्यावर राग धरून काय उपयोग, ती पण अडकलेलीच.

मग मी व्हेरिफिकेशनचा कागद नीट बघितला. ती फक्त अर्ज मिळाल्याची पोच होती, वर तारीख आदल्या वर्षीची आणि मालक म्हणून भलत्याच घराचा पत्ता. अर्ज दिला म्हणजे चौकशी झाली असं नसतं, पण झेरॉक्सवर शिक्का दिसला की आपण गप्प बसतो.

आता नवीन बाई शोधताना कमिशनचा अर्धा भाग आधी आणि उरलेला ती तीस दिवस टिकल्यावर, असं लिहून घेतलं. सहा महिन्यांच्या आत गेली तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने पैसे परत, हेही. दोन एजंटनी फोनच ठेवला, तिसरा कुरकुरत तयार झाला. पगार बाईच्याच हातात. आधीच्या घराचा नंबर एजंटने दिला होता पण तो मी लावला नाही, तिच्याकडून बिल्डिंगचं नाव घेऊन तिथल्या वॉचमनकडून मालकिणीपर्यंत पोचले, कारण एजंटच्या नंबरवर त्याचाच कोणी माणूस बोलला असता तर मला काय कळणार होतं. व्हेरिफिकेशनचा फॉर्म मीच भरला, तिला सोबत घेऊन गेले.

जुना एजंट अजून ग्रुपवर 'व्हेरिफाइड स्टाफ अव्हेलेबल' टाकतो, म्हणून हे लिहिलं.