कंट्रोलरच्या जॅकचा हेडसेट की डाँगलवाला वायरलेस? पार्टीत आवाज पोचत नसेल तर

गेमचा आवाज नीट येतो, पार्टीत म्हणजे कन्सोलवरच्या व्हॉइस चॅटमध्ये मित्रांचं बोलणंही ऐकू येतं, पण तुमचं त्यांना ऐकू जात नाही. याला कंटाळून नवा हेडसेट घ्यायचा असेल तर निवड बहुधा दोनमध्ये असते: कंट्रोलरच्या 3.5 मिमी जॅकमध्ये खोचायचा वायरचा, नाहीतर कन्सोलला यूएसबी डाँगल लावून चालणारा वायरलेस. ध्वनीच्या दर्जाची चर्चा सगळीकडे होते. इथे फक्त माइक कुठे अडतो आणि तो अडलाय हे कुठल्या प्रकारात लवकर कळतं, तेवढंच पाहतो.

आधी साइडटोन, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तोच करतो. साइडटोन म्हणजे बोलताना आपलाच आवाज आपल्या कानात ऐकू येणं. बऱ्याच वायरलेस हेडसेटमध्ये हे काम हेडसेटच्या आतच होतं. म्हणजे माइकमधून आवाज निघाला आणि कानात आला, पण कन्सोलपर्यंत गेला की नाही याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. ‘मला माझा आवाज येतोय, म्हणजे माइक चालू आहे’ यातलं पहिलं खरं असतं. दुसरंही निम्मं खरं, माइकची कॅप्सूल चालू आहे. त्यापुढचा रस्ता बंद असू शकतो.

साइडटोन फार वाढवला की आणखी एक घोळ होतो. स्वतःचा आवाज मोठा ऐकू आला की माणूस नकळत हळू बोलतो, आणि पलीकडच्यांना तो पुटपुटल्यासारखा ऐकू जातो. एक्सबॉक्सच्या गाइडमध्ये, म्हणजे कंट्रोलरवरचं एक्सबॉक्स बटण दाबल्यावर उघडणाऱ्या मेन्यूत, ध्वनीच्या पॅनेलवर Mic monitoring ही पट्टी असते. बरेच जण ती माइकची पातळी समजून शेवटपर्यंत सरकवतात. ती फक्त तुमच्या कानातला आवाज बदलते. इतरांना ऐकू येत नसेल तर ती वाढवू नका, उलट थोडी कमी करा.

पातळी तपासण्याची सोय प्लेस्टेशन 5 वर चांगली आहे. Settings > Sound > Microphone मध्ये Adjust Microphone Level उघडा आणि नेहमीच्या आवाजात बोला. पट्टी हलत नसेल तर नखाने माइकच्या दांडीवर टकटक करा, मग कंट्रोलरवर. दांडीवर पट्टी गप्प आणि कंट्रोलरवर उसळली, तर कन्सोल कंट्रोलरमधला माइक ऐकतोय, तुमचा हेडसेट नाही. डुअलसेन्स या त्याच्या कंट्रोलरमध्ये स्वतःचा माइक असल्यामुळे असं होतं. याच पानावरून इनपुट बदलता येतं. दोन्हीकडे हलत नसेल तर म्यूट कुठे आहे ते शोधायचं.

इथे दोन्ही प्रकारांतला फरक उघडा पडतो. वायरच्या हेडसेटच्या दोरीवर बहुतेक वेळा छोटी सरकती कळ असते. तिला दिवा नसतो, आणि ती बंद असल्याचं कन्सोलला कळत नाही, त्यामुळे पार्टीत तुमच्या नावापुढे माइक चालूच दिसतो. वायरलेसमध्ये बहुतेकदा दिवा असतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा. डुअलसेन्सवरचा केशरी दिवा लागला म्हणजे माइक बंद. एक्सबॉक्स वायरलेस हेडसेटच्या माइकवरचा पांढरा दिवा लागला म्हणजे माइक चालू. एका कन्सोलची सवय घेऊन दुसऱ्यावर गेलेला माणूस इथे हमखास चुकतो. शिवाय हेडसेटचा दिवा हेडसेटचंच सांगतो. प्लेस्टेशनवर कंट्रोलरचं म्यूट दाबलेलं असेल तर हेडसेटचा माइक चालू दिसूनही आवाज पुढे जात नाही.

जॅकची तपासणी हाताने होते. प्लग पूर्ण आत गेलाय का ते पाहा, आणि त्यावर तीन काळे पट्टे आहेत का तेही. दोनच असतील तर तो माइकविना इयरफोनचा प्लग आहे. वायर हलवली की आवाज तुटत असेल तर दोष सापडला. वायरलेसमध्ये यातलं काही दिसत नाही. डाँगल, त्यावर कन्सोल की पीसी हे निवडायची कळ असल्यास तिची जागा, सुटा माइक नीट बसलाय का, हे एकामागून एक बघावं लागतं.

मला विचाराल तर ज्याची मुख्य तक्रार ‘ऐकू जात नाही’ हीच आहे, त्याने वायरचा घ्यावा. त्यात बिघडू शकणाऱ्या जागा कमी आहेत आणि त्या बोटांना सापडतात. सारखं म्यूट करावं लागत असेल, घरात इतर माणसं बोलत असतील, तर म्यूटच्या दिव्याचा वायरलेस जास्त उपयोगी. पण माइकची पातळी आणि साइडटोन वेगवेगळे बदलता येतात का, हे घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकात बघा. एकाच पट्टीवर दोन्ही बांधलेले असतील तर तो घेऊ नका. एक्सबॉक्ससाठी घेत असाल तर खोक्यावर एक्सबॉक्सचं नाव असल्याशिवाय डाँगलवाला घेऊ नका, पीसीवर चालणारे सगळे यूएसबी हेडसेट तिथे चालत नाहीत.