अँटी-पोस्ट की एसपी? एक अख्खा जंप सीझन वापरल्यानंतर

इंग्लंडात राहणाऱ्या आणि घोड्यांच्या रेसमध्ये रस असणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. नोव्हेंबरपासून मार्चच्या चेल्टनहॅम फेस्टिव्हलपर्यंत मी काही पैसे आधीच भाव बांधून, म्हणजे अँटी-पोस्ट लावले आणि काही थेट रेसच्या दिवशी. निकाल आधीच सांगतो: बहुतेक वेळा लवकरचा भाव दिसतो तेवढा स्वस्त नसतो. पण एका प्रकारच्या घोड्यावर तो खरंच घेण्यासारखा असतो, आणि तो घोडा सहसा फेव्हरिट नसतो.

आधी फरक. एसपी, म्हणजे स्टार्टिंग प्राइस, हा रेस सुटतानाचा अधिकृत भाव. त्यावर लावलं आणि तुमचा घोडा धावलाच नाही तर पैसे परत मिळतात. अँटी-पोस्टमध्ये आज दिसतो तो भाव तुमचा, पण जुन्या पद्धतीत घोडा धावो न धावो, पैसे गेले. घोड्याचा पाय दुखावला, ट्रेनरचा बेत बदलला, काहीही असो, कारण कोणी विचारत नाही. रेसच रद्द झाली किंवा घोडा जागेअभावी बाहेर राहिला, तर साधारणपणे पैसे परत होतात, एवढाच काय तो दिलासा.

मधला पर्याय म्हणजे एनआरएनबी: घोडा धावला नाही तर बेट नाही, पैसे परत. मोठ्या कंपन्या चेल्टनहॅमच्या रेसेसना ही सोय साधारण हिवाळ्याच्या उत्तरार्धात एकेक करून लावतात. ती लागली की भाव खाली येतो. स्क्रीनवर काल 10/1 होता, आज त्याच घोड्यापुढे NRNB अशी छोटी पाटी आणि 8/1. पाहणाऱ्याला वाटतं, अरेरे, भाव गेला. पण गेलेला फरक म्हणजे विम्याचा हप्ता, आणि तो हप्ता महाग की स्वस्त हे काढता येतं.

हिशेब असा. दोन्ही भावांत आपली रक्कम मिळवा: 10/1 म्हणजे एकाचे अकरा, 8/1 म्हणजे एकाचे नऊ. नऊ भागिले अकरा, साधारण 82 टक्के. घोडा त्या रेसमध्ये उभा राहण्याची शक्यता 82 टक्क्यांहून जास्त वाटत असेल तरच जुना 10/1 बरा, नाहीतर 8/1 घ्या. जुना भाव 14/1 असता तर नऊ भागिले पंधरा, म्हणजे 60 टक्के, आणि मग मी विचार केला असता. हा भागाकार अगदी काटेकोर नाही, कंपनीचा नफा त्यात मिसळलेला असतो, पण दिशा दाखवायला पुरतो. नोव्हेंबरमध्ये मार्चच्या एका ठरावीक रेसबद्दल 82 टक्के खात्री? जंप घोड्यांच्या बाबतीत मला ती फार क्वचित वाटते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे चेल्टनहॅमची 2024ची चॅम्पियन हर्डल. कॉन्स्टिट्यूशन हिल 2023मध्ये 4/11ने जिंकलेला, त्या वर्षीच्या डिसेंबरात केम्प्टनची ख्रिसमस हर्डलही त्याचीच. पुढच्या मार्चसाठी त्याच्यावर लावायचं तर हातात फारसं काही येत नव्हतं. हिशेबापुरता 1/3 धरू: 20 पौंडांवर नफा साडेसहा-पावणेसात पौंड. एवढ्याशासाठी 75 टक्के वेळा जिंकावं लागतं, आणि त्या 75 टक्क्यांत घोडा हजर असणंही आलं. हजेरीची शक्यता 90 टक्के मानली तर धावल्यावर जिंकण्याची शक्यता 83 टक्क्यांच्या वर हवी. झालं काय, तर फेब्रुवारीअखेर केम्प्टनच्या सरावात घोडा सुस्त दिसला, तपासणीत श्वसनमार्गाचा त्रास निघाला आणि मार्चच्या सुरुवातीला तो बाहेर गेला. अँटी-पोस्टवाल्यांचे पैसे बुडाले. एसपीची वाट पाहणाऱ्यांचा एक पैसाही गुंतला नव्हता.

आता त्याच रेसची दुसरी बाजू. स्टेट मॅन, 2023मध्ये दुसरा आलेला घोडा, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या सावलीत चांगल्या भावाने मिळत होता. इथेही हिशेबापुरता 4/1 धरू. फेव्हरिट गेल्यावर तो 2/5ला सुटला आणि जिंकला. 20 पौंडांवर एसपीने आठ पौंड नफा, अँटी-पोस्टने 80. आणि इथे महत्त्वाची गोष्ट: अँटी-पोस्ट बेटला रूल फोर, म्हणजे दुसरा घोडा काढला गेल्यावर नफ्यात होणारी कपात, लागत नाही. अंतिम यादी लागल्यानंतर 1/3चा घोडा काढला गेला असता, तर आधी भाव घेतलेल्या रेस-डे पंटरच्या नफ्यातून पौंडामागे 70 पेन्स कापले गेले असते; त्या 80चे 24 राहिले असते. म्हणजे जुन्या पद्धतीच्या भावात तुम्ही आपल्या घोड्याच्या गैरहजेरीचा धोका विकत घेता, पण दुसऱ्यांच्या गैरहजेरीचा फायदाही पूर्ण तुमच्याकडे राहतो. म्हणूनच मी आता हा प्रकार एकाच जागी वापरतो: जबरदस्त फेव्हरिटच्या मागचा, बेत पक्का असलेला दुसरा घोडा.

‘बेत पक्का’ हे शब्द मुद्दाम लिहिले. दुखापतीपेक्षा जास्त पैसे बेत बदलण्यात जातात असं माझं मत झालंय. 2025मध्ये लॉसीमाऊथची चर्चा चॅम्पियन हर्डलसाठी होती, पण विली मलिन्सनी शेवटी तिला मेअर्स हर्डलमध्ये उतरवलं. त्याच दिवशी, त्याच मैदानावर ती जिंकली. तिच्यावर चॅम्पियन हर्डलचा जुना भाव घेतलेल्याला मात्र काहीच मिळालं नाही. मलिन्ससारख्या ट्रेनरकडे एकाच रेससाठी तीन-चार घोडे असतात आणि तो कोणता कुठे पाठवेल हे त्यालाही फेब्रुवारीत ठाऊक नसावं. अशा घोड्यावर एनआरएनबी नसेल तर मी हात लावत नाही. काही कंपन्या ‘फेस्टिव्हलमध्ये कोणतीही रेस जिंकेल’ असाही भाव देतात. कमी मिळतं, पण झोप लागते.

तक्रारी दोन. एका कंपनीने एनआरएनबीचा परतावा रोख न देता फ्री बेट म्हणून दिला. अटींमध्ये ते लिहिलेलं असतं, पण पाटीवर नसतं. दुसरी, कॅश-आउट, म्हणजे रेसआधीच बेट मोडून पैसे काढून घेण्याची सोय. घोड्याबद्दल वाईट बातमी आली रे आली की ते बटण राखाडी होतं. ज्या क्षणी त्याची गरज, नेमक्या त्याच क्षणी ते बंद.

तुलना करताना एक गोष्ट मात्र न विसरता करा. अँटी-पोस्टची तुलना नुसत्या एसपीशी करू नका, रेसच्या सकाळच्या भावाशी करा. बऱ्याच कंपन्या त्या दिवशी बेस्ट ऑड्स गॅरंटीड देतात: सकाळी 5/1 घेतलात आणि एसपी 7/1 निघाली तर 7/1ने पैसे. अँटी-पोस्टला ही सोय सहसा नसते. म्हणजे भाव वाढला तर तुम्ही जुन्या भावात अडकलेले, कमी झाला तरच तुमचा फायदा. भाव 20/1चा 6/1 झाला अशी बढाई कोणी मारली, की त्याला न धावलेल्या घोड्यांच्या पावत्याही दाखवायला सांगा. त्या क्वचितच जपून ठेवलेल्या असतात.

पुढच्या हिवाळ्यात मी एनआरएनबी लागेपर्यंत फेव्हरिटना हात लावणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या, एकाच रेसचा बेत असलेल्या घोड्यावर छोटी रक्कम, आणि बाकी सगळं त्या दिवशी सकाळी.