फर्निचर वर्कशॉपचं कॉस्टिंग सॉफ्टवेअर: वर्षभर वापरल्यावर

सबस्क्रिप्शन संपत आलंय आणि पुन्हा तेवढेच पैसे भरायचे म्हटल्यावर हिशेब मांडायला बसलो. प्लायच्या शीटचा हिशेब, कटलिस्ट, कोटेशनची पीडीएफ हे सगळं ठीक चालतं. माझं भांडण एकाच रकान्याशी आहे, ओव्हरहेडच्या.

हे सॉफ्टवेअर ओव्हरहेड मालाच्या किमतीवर टक्क्यांत लावतं, मुळात २५ टक्के. टक्का बदलता येतो, पद्धत बदलता येत नाही. आता भाडं, वीज, पॅनल सॉ आणि एजबँडिंग मशीनची झीज, सुपरवायझरचा पगार, यातलं काय लाकूड महाग आहे म्हणून वाढतं? काम जितके तास वर्कशॉपमध्ये अडकून राहील, तितका हा खर्च त्या कामावर चढतो.

आमचे चार कारागीर. पगार, बोनस, चहापाणी धरून मजुरी महिन्याला १,०८,००० आणि वर सांगितलेला बाकी खर्च ८१,०००. चार जणांचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे पगाराचे ८३२ तास. पण त्यातले प्रत्यक्ष कामावर लागतात सरासरी ५४०. बाकीचे माल उतरवणं, ब्लेड बदलणं, साफसफाई, हार्डवेअरची वाट बघणं यात जातात. ५४० नं भागलं की मजुरी तासाला २०० आणि ओव्हरहेड तासाला १५०. रोजाला आठनं भागून जो दर निघतो तो १३० च्या आसपास येतो, आणि त्यावर कोटेशन दिलं तर हे रिकामे तास कोणाच्याच बिलात जात नाहीत.

आता आमची दोन कामं बघा. सागवानी डायनिंग टेबल: माल ४०,०००, काम ४० तास. व्हिनीयर आणि पीयू पॉलिशचं टीव्ही युनिट: माल २४,०००, काम ९० तास, कारण घासकाम आणि सीलरचे हात संपतच नाहीत. सॉफ्टवेअर टेबलावर १०,००० ओव्हरहेड लावतं, तासांनी ते ६,००० येतं. युनिटवर ६,००० लावतं, तासांनी १३,५०० येतं. युनिटचा सॉफ्टवेअरी खर्च ४८,०००, वर १५ टक्के नफा धरून कोटेशन ५५,२००. खरा खर्च ५५,५००. म्हणजे पडद्यावर नफा दिसत असताना काम तोट्यात गेलेलं असतं. उलट टेबल ६२,१०० ला देता आलं असतं, तिथे भाव ६६,७०० निघतो आणि गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. थोडक्यात, ज्या कामात आपण मरतो तीच कामं हे सॉफ्टवेअर आपल्याकडे ओढून आणतं.

कस्टमर केअरला हेच उदाहरण पाठवलं. उत्तर आलं, "सर, टक्का वाढवून बघा." टक्का वाढवला की टेबल आणखी महाग होतं. पुढे त्यांनी फोन उचलणंच कमी केलं.

शेवटी वाट काढली ती अशी: ओव्हरहेडचा टक्का शून्य केला आणि मजुरीचा दर २०० ऐवजी ३५० टाकला. कोटेशन बरोबर येतात. फक्त रिपोर्टमध्ये मजुरी आणि ओव्हरहेड एकत्र दिसतात, ते महिनाअखेरीला हातानं वेगळे करावे लागतात. यासाठी मी पैसे भरतो याचा राग येतो.

इतकं लिहूनही एका गोष्टीबद्दल माझं मत पूर्ण बदललंय: टायमर. प्रत्येक कारागिरानं काम सुरू करताना आणि थांबवताना मोबाईलवर बटण दाबायचं. सुरुवातीला मला ती नसती कटकट वाटली. आमचे जुने मिस्त्री तर म्हणाले, "शेठ, रंधा मारू की बटण दाबू?" पण ५४० हा आकडा मला त्या टायमरनंच दिला, अंदाजानं मी कधीच इतका खाली आलो नसतो. काळजी एकच घ्यायची. पॉलिश वाळत असताना टायमर चालू राहतो, आणि रात्रभराचे तास त्या कामावर चढतात. एखाद्या कामाला एका कारागिराचे दिवसात आठाहून जास्त तास दिसले, आणि ओव्हरटाइम नव्हता, तर आधी पॉलिशची नोंद तपासा.

दर महिन्याला तासाचा दर नव्यानं काढू नका. पावसाळ्यात कामं कमी, तास कमी, मग दर फुगतो, कोटेशन महाग होतं आणि उरलेली कामंही जातात. वर्षाची सरासरी धरा, आणि भाडं किंवा पगार वाढला तरच हात लावा.

सबस्क्रिप्शन भरणार आहे, पण टायमरसाठी, आणि वर्षाचं एकदम नाही, तीन महिन्यांचं. तासावर ओव्हरहेड लावायची सोय तोवर आली नाही, तर टायमरचं काम भिंतीवरच्या वहीत होईल आणि गुणाकार एक्सेलमध्ये.