सीडीएनचा हिट रेशो ९६% आणि तरीही सर्व्हर गुदमरला: काही महिन्यांच्या वापरानंतर

गणेशोत्सवात आमची आरती-संग्रहाची साइट ऐन संध्याकाळी ५०४, म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत न आल्याची चूक, दाखवायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो. सीडीएन म्हणजे साइटच्या फाइलींच्या प्रती आपल्या कॅशेमध्ये साठवून तिथूनच वाचकाला देणारी सेवा. तिच्या सपोर्टला विचारलं तर त्यांनी माझ्याच डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट परत पाठवला. ९६% च्या हिट रेशोवर, म्हणजे कॅशेमधूनच भागलेल्या वाट्यावर, लाल गोल काढून खाली लिहिलं होतं, "सर, कॅशे उत्तम चाललंय, अडचण होस्टिंगकडे आहे." दरमहा पैसे मोजणाऱ्या माणसाला असलं उत्तर देणं मला अजिबात पटलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असे डॅशबोर्ड बऱ्याच ठिकाणी आहेत.

तो ९६ कुठून आला, ते त्याच स्क्रीनशॉटवरून काढता येतं. महिन्याचे चार आकडे समोर होते: एकूण डेटा 800 GB, त्यातला कॅशेमधून 768 GB, एकूण रिक्वेस्ट 2.4M, त्यातल्या कॅशेमधून 1.92M. ७६८ भागिले ८०० म्हणजे ९६%. हा झाला बाइट्सचा हिशोब. रिक्वेस्टचा काढला तर १९.२ लाख भागिले २४ लाख, म्हणजे ८०%. मोठ्या अक्षरात दाखवतात तो पहिला, आणि सर्व्हरचा जीव जातो तो दुसऱ्यात.

दोन्हींत एवढा फरक का, हे सरासरी आकारावरून कळतं. कॅशेमधून गेलेली एक रिक्वेस्ट सरासरी ४०० केबीची, तर ओरिजिनकडे, म्हणजे आमच्या मूळ सर्व्हरकडे, आलेली (उरलेले ३२ जीबी, ४.८ लाख रिक्वेस्ट) जेमतेम ६७ केबीची. म्हणजे जड एमपीथ्री आणि फोटो सीडीएन सांभाळतंय, पण आरतीचं पान उघडलं की एचटीएमएलसाठी प्रत्येक वेळी आमच्याच पीएचपीला आणि डेटाबेसला उठावं लागतंय. बरेच सीडीएन एचटीएमएल आपणहून साठवतच नाहीत, नियम लावावा लागतो.

स्क्रीनशॉटवर किती भरवसा ठेवायचा, हेही बघायला हवं. 2.4M हा गोल केलेला आकडा आहे, खरा २३.५ ते २४.५ लाखांत कुठेही असेल. त्यामुळे ८०% म्हणजे प्रत्यक्षात ७८ ते ८२. वजाबाकीत ही चूक आणखी फुगते: ओरिजिनवरच्या रिक्वेस्ट सव्वाचार लाखही असू शकतात आणि सव्वापाचच्या थोड्या वरही. म्हणून सर्व्हरचा लॉग मोजला. डॅशबोर्ड यूटीसीप्रमाणे चालतो, आपला लॉग भारतीय वेळेप्रमाणे. साडेपाच तासांचा फरक धरून तोच महिना कापून घेतला.

```
wc -l access.log
awk '$9==304' access.log | wc -l
```

पहिल्या ओळीने ६.१ लाख दिले, दुसरीने त्यातले १.१ लाख. हे ३०४ म्हणजे कॅशेमधल्या फाइलची मुदत संपल्यावर सीडीएनने आमच्या सर्व्हरला विचारलेलं "बदललीय का?", आणि सर्व्हरने दिलेलं "नाही". आमचा डॅशबोर्ड त्यांना कॅशेच्याच खात्यात टाकतो. डेटा जवळजवळ शून्य लागतो, पण सर्व्हरचं दार वाजतंच. ते धरले तर वाचलेला रिक्वेस्टचा भार ८०% नाही, ७५% च्या आसपास. मात्र ३०४ मुळे सर्व्हर बसत नाही, आमचा वेब सर्व्हर एनजिनएक्स तेवढं सहज उरकतो. खरं ओझं उरलेल्या पाच लाखांचं.

इथे माझं मत बदललं, कारण उपाय त्याच स्वस्त प्लॅनमध्ये निघाला. एचटीएमएल दहा मिनिटं साठवायचा नियम लावला आणि लॉगिनची कुकी असेल तर कॅशे वगळायला सांगितलं. हे वगळणं विसरू नका, नाहीतर एकाचं लॉगिन केलेलं पान दुसऱ्याला दिसेल. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकांना `fbclid` हे शेपूट चिकटलेलं असतं, त्यामुळे एकच पान शंभर वेगळी पानं समजून साठवलं जात होतं. ते कॅशे कीमधून, म्हणजे साठवलेलं पान ओळखायच्या खुणेतून, काढलं. एमपीथ्रीची मुदत एका तासावरून एक महिना केली.

नंतरच्या, जवळपास तेवढ्याच वर्दळीच्या महिन्यात लॉगमध्ये दोन लाख ओळी आल्या. भार एक तृतीयांशावर आला. आणि डॅशबोर्डवरचा मोठा आकडा? ९६ चा ९८ झाला. एवढीच हालचाल! नुसता तोच बघत बसलो असतो तर काही बदललंय हे कळलंही नसतं, आणि त्याआधी सपोर्टच्या सांगण्यावरून दुप्पट भाड्याचा सर्व्हर घेऊन बसलो असतो.

वेग चांगला, गावाकडच्या मोबाइलवरही आरती अडखळत नाही. प्लॅन पुढच्या वर्षासाठी वाढवलाय. पाचपैकी साडेतीन तारे; उरलेला दीड, पहिल्या पानावर 'ओरिजिनवर आलेल्या रिक्वेस्ट' हा आकडा ३०४ सकट आणि गोल न करता दाखवतील तेव्हा देईन. तशी लेखी मागणी केली आहे, उत्तर यायचंय.