तळटिपांतून संदर्भसूची: झोटेरो आणि पॅनडॉक काही महिने वापरल्यावर

प्रकाशकाकडून ऐन शेवटी निरोप आला की इतिहासाच्या मसुद्याला स्वतंत्र संदर्भसूची हवी. मसुदा दुसऱ्याचा, संपादनाला माझ्याकडे आलेला. तळटिपा शेकड्याने, सगळ्या हाताने टाइप केलेल्या, सूचीचा पत्ता नाही. हे काम करून देणाऱ्यांनी सांगितलेला दर ऐकला आणि म्हटलं, फुकटात होतंय का ते आधी बघू.

झोटेरो काय आहे ते सांगत बसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: झोटेरोच्या प्लगिनमधून घातलेल्या संदर्भांचीच सूची ते आपोआप करतं. हाताने लिहिलेली तळटीप त्याच्या लेखी साधा मजकूर. त्यामुळे टिपा आधी बाहेर काढाव्या लागतात. ते काम पॅनडॉक बिनतक्रार करतं:

```
pandoc masuda.docx -t markdown --wrap=none -o masuda.md
grep '^\[\^[0-9]*\]:' masuda.md > tipa.txt
```

एका टिपेत दोन परिच्छेद असतील तर दुसरा या `grep`मधून गळतो, कारण त्याची ओळ आकड्याने सुरू होत नाही. तेवढ्या टिपा `masuda.md` मध्ये डोळ्यांनी बघायच्या. तिरपी अक्षरं मात्र `*` च्या खुणेने टिकतात. पुस्तक किंवा नियतकालिकाचं नाव कोणतं आणि लेखाचं कोणतं, हे त्यावरून पटकन कळतं.

पुढे मी टिपा एका फुकटच्या पार्सरमधून काढल्या. लेखक, शीर्षक, वर्ष असे तुकडे करून देणारा. पहिल्या आठवड्यात मी त्याची सगळ्यांकडे तारीफ करत होतो. ती आता मागे घेतो, कारण पृष्ठांक!

उदाहरण घ्या. टीप ४१ मध्ये ई. पी. थॉम्पसन यांचा ‘टाइम, वर्क-डिसिप्लिन अँड इंडस्ट्रियल कॅपिटलिझम’ हा लेख होता: पास्ट अँड प्रेझेंट, अंक ३८, १९६७, पृ. ६१. टिपेतला ६१ म्हणजे अवतरण जिथून घेतलं ते पान. सूचीत हवी लेखाची पूर्ण व्याप्ती, म्हणजे ५६–९७. पार्सरने ६१ उचलून पानांच्या रकान्यात टाकला आणि सूचीत तो अगदी साळसूद दिसला. संपादित ग्रंथांतल्या प्रकरणांचंही तेच. पार्सरचा तरी काय दोष, ५६–९७ हा आकडा टिपेत नव्हताच. ‘पृ. ७३–७४’ अशी टीप असली तर ती व्याप्तीसारखीच दिसते, म्हणून नुसतं एकेरी आकडे शोधूनही भागत नाही.

शेवटी लेखांसाठी पार्सर सोडला. झोटेरोतलं जादूच्या कांडीचं बटण दाबायचं आणि लेखाचा डीओआय टाकायचा. या लेखाचा `10.1093/past/38.1.56`. त्यातला शेवटचा ५६ हा लेखाच्या पहिल्या पानाचा आकडा आहे, म्हणजे पडताळणी तिथल्या तिथे. पुस्तकांना आयएसबीएन चालतो, पण मिळालेली आवृत्ती टिपेतलीच आहे ना ते बघा. थॉम्पसन यांचं ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ पहिल्यांदा १९६३ साली आलं, तेव्हा आयएसबीएन नव्हतेच. क्रमांकाने मिळेल ती नंतरची छपाई, आणि तिच्यात पृष्ठांक वेगळे असू शकतात.

एकेका लेखाची व्याप्ती भरताना वैताग आला होता. पण तिचा एक फायदा मला अजिबात अपेक्षित नव्हता. टीप ४२ होती ‘तत्रैव, ७३’, ती ठीक. टीप ४३ होती ‘तत्रैव, ४४५’. लेख तर ९७ व्या पानावर संपतो! मसुद्याची जुनी प्रत काढली. तिथे या टिपेच्या वर ‘मेकिंग’ची टीप होती. नंतर परिच्छेद इकडचा तिकडे झाला आणि ‘तत्रैव’ भलत्याच संदर्भाला चिकटलं. व्याप्ती भरली नसती तर हे कुणाच्या बापाला दिसलं नसतं. त्यानंतर प्रत्येक ‘तत्रैव’ची वरच्या संदर्भाच्या व्याप्तीशी गाठ घातली आणि सापडलेल्यांच्या जागी लेखकाचं आडनाव व छोटं शीर्षक घातलं. लेखकरावांची कुरकुर झाली, पण ऐकले. ‘तत्रैव’चं पान चुकीच्या संदर्भाच्या व्याप्तीतही बसत असेल तर ही युक्ती चालत नाही, हेही सांगून ठेवतो. तिथे मूळ ग्रंथच उघडावा लागतो.

लघुरूपांची उलट तपासणीही करा. ‘थॉम्पसन, मेकिंग’ असं पुढे येतं, पण पूर्ण तपशिलाची पहिली टीप वगळलेल्या प्रकरणाबरोबर गेलेली असते. अशी नोंद टिपांच्या यादीतून सूचीत येतच नाही, कारण यादीत ती पूर्ण कुठेच नसते.

अभिलेखागारातल्या सुट्या पत्रांसाठी हा सगळा खटाटोप करू नका. शिकागो पद्धतीत एकेक पत्र सहसा सूचीत येत नाही, संग्रहाची एक नोंद पुरते. मी ती हातानेच केली आणि त्याला एक दुपारही लागली नाही.

पॅनडॉकला पैकीच्या पैकी. झोटेरोही ठेवणार. पार्सर काढून टाकला.